नारळाचे दूध : घट्ट आणि पातळ दुधासाठी खोबरे व पाण्याचे प्रमाण

मुळशी तालुक्यात कृषी पर्यटन केंद्रे, घरगुती खानावळी आणि बचत गटांकडून सोलकढी, नारळाच्या रसातील आमटी असे पदार्थ नियमित केले जातात. नारळ मात्र बहुतेक वेळा पुण्याच्या मार्केट यार्डातून विकत आणावा लागतो. त्यामुळे एका नारळातून किती आणि कसे दूध मिळते, यावर पदार्थाचा खर्च ठरतो. दूध घट्ट होईल की पातळ, हे पहिल्या वेळी घातलेल्या पाण्यावरच ठरते. एकदा जास्त पाणी पडले, की घट्ट दूध मिळत नाही.

नारळाची निवड

दुधासाठी पूर्ण पक्व, म्हणजे फळधारणेनंतर 11 ते 12 महिन्यांचा नारळ घ्यावा. हलवल्यावर आत पाणी वाजले पाहिजे आणि डोळे कोरडे असावेत. डोळ्यांजवळ ओल किंवा बुरशी दिसली तर नारळ घेऊ नये. कोवळ्या नारळाचे खोबरे मऊ असते, त्यात पाणी जास्त व तेल कमी असते. आत कोंब धरलेल्या नारळातील तेल कोंबाच्या वाढीसाठी खर्च होऊ लागलेले असते. अशा दोन्ही नारळांचे दूध पातळच निघते.

पक्व नारळाच्या ओल्या खोबऱ्यात साधारण 45 ते 50 टक्के पाणी आणि सुमारे एक तृतीयांश तेल असते. मध्यम आकाराच्या सोललेल्या नारळातून सुमारे 250 ग्रॅम खवलेले खोबरे मिळते. नारळ लहान-मोठे असल्याने नगावर हिशेब न करता खोबरे वजन करूनच पाणी घालावे. खवताना करवंटीलगतची तपकिरी साल येऊ देऊ नये. त्यामुळे दुधाला करडा रंग येतो.

प्रमाण : 500 ग्रॅम खवलेल्या खोबऱ्यासाठी

- पहिले पिळणे (घट्ट दूध) : कोमट पाणी 250 मिलि. मिळणारे दूध साधारण 350 ते 400 मिलि.
- दुसरे पिळणे (पातळ दूध) : त्याच चोथ्यात कोमट पाणी 500 मिलि. मिळणारे दूध साधारण 500 मिलि.

पहिल्या वेळी घातलेल्या पाण्यापेक्षा जास्त दूध मिळते, कारण खोबऱ्यातील स्वतःचे पाणी आणि तेल त्यात येते. दुसऱ्या वेळी चोथा आधीच भिजलेला असतो, म्हणून जेवढे पाणी घालावे जवळपास तेवढेच दूध परत मिळते. दुसऱ्या पिळण्यात घातलेल्या पाण्यापेक्षा बरेच कमी दूध आले, तर पिळणे अपुरे झाले असे समजावे.

हाताने नीट पिळल्यास पहिल्या दुधात साधारण 20 टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्यात 5 ते 7 टक्के स्निग्धांश येतो. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार नारळाच्या क्रीममध्ये किमान 20, नारळाच्या दुधात किमान 10 आणि हलक्या दुधात किमान 5 टक्के स्निग्धांश लागतो. हेच 750 मिलि पाणी एकदम घातले, तर सुमारे 900 मिलि एकसारखे मध्यम दूध मिळते. ते आमटीला चालते, पण पदार्थात शेवटी घालायला लागणारे घट्ट दूध त्यातून वेगळे काढता येत नाही.

काढण्याची पद्धत

1. खोबऱ्यात 250 मिलि कोमट पाणी घालून 10 मिनिटे ठेवावे.
2. मिक्सरमध्ये एक ते दीड मिनिट बारीक वाटावे. भांडे निम्म्याहून जास्त भरू नये, नाहीतर खोबरे वर फिरत राहते आणि जाडसर उरते.
3. ओल्या करून घट्ट पिळलेल्या मलमलच्या फडक्यात थोडे थोडे घेऊन पिळावे. कोरडे फडके दूध शोषून घेते.
4. घट्ट दूध वेगळ्या भांड्यात ठेवावे. चोथ्यात 500 मिलि कोमट पाणी घालून पुन्हा वाटून पिळावे.

पाणी कोमटच का?

खोबरेल सुमारे 24 अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते. मुळशीत हिवाळ्याच्या सकाळी तापमान यापेक्षा बरेच खाली असते, पावसाळ्यातही स्वयंपाकघर थंड असते. अशा वेळी नळाचे थंड पाणी घातले, तर खोबऱ्यातील तेल घट्ट होऊन चोथ्यातच अडकते. फडक्याच्या आतील बाजूला पांढरा मेणासारखा थर बसला आणि दूध पाणचट आले, तर कारण बहुधा हेच असते. चोथा पुन्हा कोमट पाण्यात कालवून पिळला, की अडकलेले बरेच तेल निघते.

पाणी 50 ते 60 अंश सेल्सिअस, म्हणजे बोट क्षणभर बुडवता येईल पण ठेववणार नाही इतके गरम असावे. उकळते पाणी घालू नये. दुधातील तेलाचे बारीक थेंब प्रथिनांच्या आवरणामुळे पाण्यात मिसळून राहतात. साधारण 80 अंशांच्या वर ही प्रथिने गोठतात आणि दूध फुटते. म्हणून आमटीत आधी पातळ दूध घालून शिजवावे; घट्ट दूध शेवटी मंद आचेवर घालून उकळी येण्याआधी उतरावे. आमसुलाच्या आंबटपणामुळेही दूध लवकर फुटते, त्यामुळे सोलकढी गरम करू नये.

उदाहरण : 20 जणांची सोलकढी

प्रत्येकी 150 मिलि धरल्यास 3 लिटर सोलकढी लागते. त्यासाठी 4 मध्यम नारळ, म्हणजे 1 किलो खोबरे घ्यावे. पहिल्या वेळी 500 मिलि पाणी घालून सुमारे 750 मिलि घट्ट दूध आणि दुसऱ्या वेळी 1 लिटर पाणी घालून सुमारे 1 लिटर पातळ दूध मिळते. एकूण पावणेदोन लिटर दुधात आमसुलाचे सव्वा लिटर पाणी मिसळले, की 3 लिटर होते. पाहुणे वाढले म्हणून नुसते पाणी वाढवू नये. दर 5 माणसांमागे एक नारळ वाढवावा आणि पाणी त्याच प्रमाणात घ्यावे.

साठवण आणि खराबीची लक्षणे

नारळाच्या दुधात आंबटपणा फार कमी आणि पोषक घटक भरपूर असल्याने जिवाणू झपाट्याने वाढतात. बाहेरच्या तापमानात ते काही तासांतच आंबू लागते. काढल्यावर 2 तासांत वापरावे, नाहीतर लगेच 4 अंशांवर फ्रिजमध्ये ठेवून 24 तासांत संपवावे. सोलकढीला आमसुलाचे पाणी वाढण्याच्या थोडे आधी मिसळावे.

फ्रिजमध्ये दुधावर जाड साय आणि खाली पाणी दिसले, तर ते खराब झाले असे नाही. तेल हलके असल्याने वर येते. भांडे कोमट पाण्यात ठेवून ढवळले की दूध पुन्हा एकजीव होते. आंबट वास, बारीक बुडबुडे किंवा तार सुटणे ही मात्र खराबीची लक्षणे आहेत. असे दूध उकळूनही वापरू नये. दूध ताजे असूनही खवट वास आला, तर दोष खोबऱ्यात असतो. म्हणून प्रत्येक नारळ फोडल्यावर खोबऱ्याचा तुकडा चाखूनच ते बाकीच्या खोबऱ्यात मिसळावे. एक खवट नारळ सगळे दूध बिघडवतो.