सभागृहाची फरशी : चित्रातली आणि खरी

आपल्या सोसायटीला २५ वर्षे झाली, म्हणजे सभागृहाच्या फरशीलाही तेवढीच झाली. लग्नाच्या पंगती, गणपतीचे दहा दिवस, मुलांचे टेबल टेनिस, पाणीकपातीवरच्या गरमागरम सभा, सगळे याच मोझॅक लाद्यांवर झाले. आता त्या काढून टेराझो करायचे ठरते आहे आणि सूचनाफलकावर एक रंगीत चित्र लागले आहे. त्याला रेंडर म्हणतात. संगणकात सभागृहाचे मोजमाप, फरशीचा पोत आणि दिवे घातले की तो असा फोटो तयार करून देतो. चित्र देखणे आहे. पण चाळीस वर्षे बँकेत तारण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय शिफारस न करण्याची सवय लागलेली, त्यामुळे मी त्या चित्रापुढे पट्टी घेऊन उभा राहिलो.

त्याआधी टेराझो म्हणजे काय ते सांगतो. आपण ज्याला मोझॅक म्हणतो तेच हे, फक्त लादी न बसवता जागेवरच ओतलेले. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा मिसळून थर द्यायचा, कडक झाला की वरून घासायचा. मग चिपा कापल्या जाऊन त्यांची तोंडे उघडी पडतात. हे मूळचे व्हेनिसचे आणि त्याच्या शेजारच्या फ्रिउली भागातले काम. तिथल्या कारागिरांच्या संघाची नियमावली १५८६ सालची आहे. व्हेनिसची घरे लाकडी खुंटांवर उभी, मजले लाकडी तुळयांचे, त्यामुळे सगळेच थोडे हलणारे. तिथे चुन्यातले टेराझो टिकले, कारण चुना सिमेंटपेक्षा पुष्कळ मऊ आणि हालचाल सोसणारा. लांब दांड्याला दगड बांधून मजूर ते हाताने घासत आणि वरून जवसाचे तेल पाजत. त्या अवजाराला ते ‘ओर्सो’ म्हणजे अस्वल म्हणत. घासणाऱ्याची पाठ काय म्हणत असेल ते नावावरूनच कळते.

पुढे चुन्याची जागा पोर्टलंड सिमेंटने घेतली आणि सगळे बदलले. सिमेंट कडक, झिजायला चिवट, पण वाळताना आकसते आणि वाकत मुळीच नाही. मोठा सलग थर दिला की तडकणारच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकेत गेलेल्या इटालियन कारागिरांनी यावर तोड काढली. पितळेच्या पट्ट्या उभ्या लावून जमिनीचे चौकोन पाडायचे, म्हणजे आकसण्याचा ताण पट्टीपाशी मोकळा होतो. त्याच सुमारास घासायला विजेचे यंत्रही आले. आपल्याकडे १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू केली. मरीन ड्राइव्हच्या बाजूच्या १९३०-४० च्या इमारतींच्या जिन्यांत आणि प्रवेशदालनांत टेराझो आजही चालते आहे. आपल्या पिढीच्या घरांत आली ती त्याचीच स्वस्त आवृत्ती, म्हणजे कारखान्यात दाबून केलेली मोझॅक लादी.

आता चित्राकडे येतो. आधी चिपा पाहिल्या. कंत्राटदाराच्या दरपत्रकात लिहिले आहे, ‘चिपा ४ ते ७ मिमी, वरचा थर ९ मिमी.’ हे बरोबर आहे. सरकारी बांधकामात ही जोडी ठरलेली असते. १ ते ४ मिमीच्या चिपांना ६ मिमी थर, ४ ते ७ ला ९ मिमी, ७ ते १० ला १२ मिमी. चिप थराहून बरीच लहान हवी, नाहीतर ती सिमेंटमध्ये नीट रुतत नाही आणि घासताना उपटून येते. चित्रात मात्र चिपा चांगल्या ठसठशीत दिसतात. मी चित्रातला दरवाजा मोजला. तो छापील कागदावर ३० मिमी रुंद आहे आणि खरा ९०० मिमी, म्हणजे तिथले प्रमाण एकास तीस. उंबऱ्यालगतची एक काळी चिप कागदावर २ मिमी रुंद भरली. तीसने गुणा. ६० मिमी! मुठीएवढा दगड ९ मिमीच्या थरात बसवायचा कसा?

ए विंगमध्ये राहणारी, आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करणारी आपलीच एक मुलगी आहे. तिने सांगितले, “काका, यात लबाडी नाही. पोताचा एक छोटा फोटो असतो, तो जमिनीवर ताणून लावतात. खऱ्या मापात लावला तर सहा मिलिमीटरची चिप चित्रात दिसतच नाही, नुसता करडा रंग दिसतो. मग ग्राहक विचारतो, टेराझो कुठंय?” हिशेब केला तर खरेच. ६ मिमी भागिले ३०, कागदावर फक्त ०.२ मिमी. तिने आणखी एक गोष्ट दाखवली. मंचाच्या डाव्या बाजूला तीन काळ्या चिपांचा त्रिकोण आहे, तोच त्रिकोण ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येतो, कारण तोच फोटो शेजारी शेजारी चिकटवला आहे. तेव्हा चिपा चित्रात बघू नयेत. एक फूट चौरस नमुना करून घ्यावा आणि उभे राहून, आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून बघावा.

दुसरी चकाकी. चित्रात छतावरची ट्यूबलाइट जमिनीत सरळ, धारदार रेषेसारखी उमटली आहे. असे प्रतिबिंब पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटमध्ये दिसते, कारण तो सबंध एकसारखा घट्ट दगड असतो. टेराझोत दोन वस्तू शेजारी शेजारी असतात. संगमरवराची चिप घासली की चमकते, तिच्याभोवतीचे सिमेंट सच्छिद्र असते आणि तेवढे चमकत नाही. त्यामुळे खऱ्या टेराझोत दिव्याची कड थोडी विरघळलेली दिसते. मला ती जास्त आवडते, पण तो माझ्या डोळ्यांचा भाग झाला.

ही चकाकी येते कशी, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. थर टाकल्यावर आठवडाभर पाणी मारायचे, मग ६० नंबरच्या कार्बोरंडम दगडाने पहिले घासकाम. त्यात बारीक भोके उघडी पडतात, ती त्याच रंगाच्या सिमेंटच्या लापशीने भरायची, पुन्हा वाळू द्यायचे. मग १२० नंबर, पुन्हा भोके भरणे, शेवटी ३२० नंबर, ऑक्झॅलिक पावडर आणि मेण. घाईत कुठली पायरी गाळली जाते म्हणाल तर भोके भरण्याची. मेणाखाली ते पहिल्या दिवशी कळतही नाही, पण चार महिन्यांत त्या भोकांत मळ बसून जमीन काळवंडते. तपासायची युक्ती सोपी आहे. मेण लावण्यापूर्वी जमीन ओली करून पुसायची आणि वाळताना बघायचे. जिथे भोके आहेत तिथे ओले ठिपके मागे राहतात. आणखी एक, संगमरवर आम्लाला भितो. लिंबू सरबत सांडून राहिले किंवा संडास धुण्याचे ॲसिड कोणी उत्साहाने ओतले, की तिथली चमक गेलीच.

तिसरी गोष्ट सांध्याची. यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला म्हटले तरी चालेल.

सभागृहाच्या मधोमध आडवी जाणारी ती भेग आपण सगळे ओळखतो. तीन वेळा पांढरे सिमेंट भरून झाले, तिन्ही वेळा ती परत आली. कोणी माती खचली म्हणते, कोणी जुन्या कंत्राटदाराला शिव्या देते. आता भेगेच्या दोन्ही टोकांना भिंतीपाशी बघा. तिथे दोन खांब अगदी चिकटून उभे आहेत आणि त्यांच्यात बोटभर फट आहे, थर्मोकोल भरलेली. लहान मुले तिथे चॉकलेटचे कागद कोंबतात. ती फट म्हणजे ए आणि बी विंगमधला प्रसरण-सांधा. ४५ मीटरपेक्षा लांब काँक्रीटची इमारत सहसा सांधा देऊन तोडतात. आपल्या दोन्ही विंग २६-२६ मीटरच्या, मिळून ५२. म्हणजे आपले सभागृह दोन वेगळ्या इमारतींवर पाय ठेवून उभे आहे आणि लाद्या मात्र सांध्यावरून सलग बसवल्या गेल्या.

हालचाल किती? काँक्रीट दर अंश तापमानाला आपल्या लांबीच्या लाखांशाइतके वाढते. २६ मीटरचा स्लॅब १५ अंशांनी तापला तर साधारण ४ मिमी वाढतो. प्रत्येक विंग आपल्या मध्यापासून दोन्हीकडे फुलते, म्हणून सांध्याकडे एकीचे २ आणि दुसरीचे २, एकूण ४ मिमी. हे गच्चीजवळचे गणित झाले. तळमजल्यावर सावलीत ते बरेच कमी भरते. पण पॉलिश केलेला टेराझो अर्धा मिलिमीटरही ताणून घेत नाही.

चित्रात हा सांधा नाहीच. भिंतीपाशी जोडखांब दिसतात आणि त्यांच्यामधून टेराझो अखंड वाहत जाते. पितळी पट्ट्या आहेत, पण शोभेला, ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकोनांत. चौकोन २ चौरस मीटरपेक्षा मोठा आणि बाजू २ मीटरपेक्षा लांब नसावी, असा आपल्याकडचा दंडक आहे. इथे तो १६ चौरस मीटरचा होतो. शिवाय ४-४ मीटरवर पट्टी आली तर ती ४ आणि ८ मीटरवर येते. सांधा आहे ६ मीटरवर, बरोबर चौकोनाच्या पोटात.

आम्ही दोघांनी बसून नवे चौकोन पाडले. सभागृह १२ मीटर बाय ८ मीटर. लांबीचे आठ भाग केले की १.५ मीटर, रुंदीचे सहा केले की १.३३ मीटर. चौकोन बरोबर २ चौरस मीटरचा, एकूण ४८. आणि चौथी पट्टी आपोआप ६ मीटरवर, सांध्यावर येते. तिथे मात्र साधी पट्टी चालणार नाही. ती वाळताना आकसण्यासाठी असते, इमारतीच्या हालचालीसाठी नाही. तिथे खालच्या फटीएवढीच, २५ मिमी जागा वरपर्यंत मोकळी ठेवायची. दोन्ही कडांना धातूचा कोन, खाली दबणारा फिलर आणि वर रबरासारखे लवचिक पॉलिसल्फाइड भरायचे. ते दर काही वर्षांनी कडेपासून सुटले का पाहावे लागेल आणि सुटले तर बदलावे लागेल. हा खर्च दरपत्रकात वेगळा लिहून घेतला आहे.

तिने चित्रही सुधारून दिले. चिपा खऱ्या मापात, चकाकी उतरवलेली, मधोमध काळी रेघ. समितीतल्या काहींना पहिलेच बरे वाटले, आणि चित्र म्हणून ते बरे आहेही. विशेष सभेत दुसऱ्यावर सह्या झाल्या. काम दिवाळीनंतर सुरू होईल. नमुन्याचा चौरस ऑफिसात खिडकीखाली ठेवला आहे. येता-जाता बघावा, पाय ठेवून बघितला तरी चालेल. टेबल टेनिसच्या मुलांनी त्या काळ्या रेघेवर आधीच हक्क सांगितला आहे, टेबल म्हणे नेमके तिच्यावर मांडता येईल.