वीजबिल : टप्प्यांच्या दराचे सूत्र

साताऱ्याला महावितरणचे बारामती परिमंडल आहे, सांगलीला कोल्हापूर. पण घरगुती विजेचा दर दोन्हीकडे एकच. तो राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. महिन्याचा वापर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या सीमांवर चार टप्प्यांत मोडतो आणि प्रत्येक टप्प्यातल्या युनिटांनाच त्या टप्प्याचा दर लागतो. ३४० युनिट झाले म्हणून सगळे युनिट तिसऱ्या दराने मोजले जात नाहीत.

हिशेबापुरते दर ४, १०, १४ आणि १६ रुपये धरू. एक्सेलमध्ये हे बहुतेक जण एकात एक `IF` घालून मांडतात. तिथे अडचण असते ती आधीच्या टप्प्यांच्या बेरजांची. ४००, २४००, ५२०० हे आकडे सूत्रात हाताने लिहावे लागतात. पुढे पहिला दर बदलला की तिन्ही चुकतात आणि चूक डोळ्यांना दिसत नाही.

त्याऐवजी दरांमधली वाढ धरावी : ४, ६, ४, २. प्रत्येक युनिटाला ४ रुपये, १०० च्या वरच्या प्रत्येकाला आणखी ६, ३०० च्या वरच्याला आणखी ४. सीमा (०, १००, ३००, ५००) E2:E5 मध्ये, वाढ F2:F5 मध्ये, युनिट A2 मध्ये आणि बिलाचे महिने B2 मध्ये लिहून :

```
=SUMPRODUCT((A2>$E$2:$E$5*B2)*(A2-$E$2:$E$5*B2)*$F$2:$F$5)
```

पहिला कंस सीमा ओलांडली असेल तर १, नाहीतर ० देतो, त्यामुळे न गाठलेले टप्पे आपोआप गळतात. एका महिन्याचे ३४० युनिट : ३४०×४ = १३६०, २४०×६ = १४४०, ४०×४ = १६०; एकूण २९६० रुपये.

B2 विसरणे ही महागात पडणारी चूक. २०२० च्या टाळेबंदीत मीटरचे वाचन थांबले आणि जूनमध्ये साठलेल्या महिन्यांचे बिल एकदम आले, तेव्हा लोकांनी सगळे युनिट एकाच महिन्याच्या टप्प्यांत बसवून पाहिले. साठलेल्या बिलात सीमाही तितक्या पट होतात. तेच ३४० युनिट दोन महिन्यांचे असतील तर पहिली सीमा २०० वर जाते आणि उत्तर २२०० येते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे F रकान्यात वाढीऐवजी मूळ दरच लिहिणे. ती ओळखायला B2 मध्ये १ ठेवून A2 मध्ये आधी १०० आणि मग १०१ घालावे. बिल दुसऱ्या टप्प्याच्या दराइतके, म्हणजे १० रुपयांनी वाढले पाहिजे. चूक असेल तर १४ ने वाढते.

सूत्रातून येतो तो फक्त वीज आकार. स्थिर आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार त्यात मिळवून त्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क लावले की कागदावरच्या बिलाशी ताळा घेता येतो.