कर्मणी प्रयोग (इंग्रजी) : सहायक व कथनवाचक क्रियापदांसह

‘मस्ट’, ‘मे’, ‘कॅन’, ‘शुड’ इत्यादी सहायक क्रियापदे कर्मणी प्रयोगात स्वतः मुळीच विकार पावत नाहीत; त्यांच्यापुढे ‘बी’ आणि मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप येते, आणि गोष्ट होऊन गेलेली असल्यास ‘बी’च्या जागी ‘हॅव बीन’ येते, एवढाच त्यांचा कायदा. ‘द गोल्ड मस्ट बी हिडन’ व ‘द गोल्ड मे हॅव बीन हिडन’ ही त्याची उदाहरणे होत. परीक्षार्थी अडखळतो तो प्रायः कथनवाचक क्रियापदांपाशी.

‘से’, ‘थिंक’, ‘बिलीव्ह’, ‘रिपोर्ट’ अशा क्रियापदांत सांगणारा वा मानणारा इसम अज्ञात अथवा गौण असला, की इंग्रजी लेखक त्याला वगळून वार्ता तेवढी पुढे ठेवतो, आणि तिच्या खरेपणाची जबाबदारीही चतुराईने टाळतो. ‘पीपल बिलीव्ह दॅट द मर्चंट हिड द गोल्ड’ या वाक्याचे सरळ रूपांतर ‘इट इज बिलीव्ह्ड दॅट द मर्चंट हिड द गोल्ड’ असे होते. ‘बाय पीपल’ जोडणे व्यर्थ. परंतु व्यापाऱ्यालाच कर्ता करावयाचे झाल्यास ‘दॅट’ गळून ‘टु’ येतो, आणि ‘टु’नंतरच्या रूपाला भूतकाळ असा नसल्यामुळे, होऊन गेलेली कृती दाखविण्याचे काम ‘हॅव’वर येऊन पडते : ‘द मर्चंट इज बिलीव्ह्ड टु हॅव हिडन द गोल्ड’. सोन्याला कर्तेपद दिल्यास दोन्ही क्रियापदे कर्मणी होतात : ‘द गोल्ड इज बिलीव्ह्ड टु हॅव बीन हिडन बाय द मर्चंट’.

‘हिड’मधला भूतकाळ कोठेतरी दाखवावयास हवा एवढे स्मरून पुष्कळ विद्यार्थी तो भलत्याच क्रियापदावर लादतात व ‘द मर्चंट वॉज बिलीव्ह्ड टु हाइड द गोल्ड’ असे लिहितात. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष दिसते, म्हणूनच ते फसवे. कारण त्याचा अर्थ, व्यापारी सोने लपवीत असतो असा समज पूर्वी होता, असा होतो. पारख सोपी आहे : तयार वाक्य पुन्हा ‘इट’ने आरंभ करून उलगडावे, आणि मूळचे दोन्ही काळ जागच्या जागी परततात की नाही ते पाहावे.

सहायक क्रियापदांना ‘टु’ लागत नसल्याने दोन्ही प्रकार एकत्र आले असता ‘ही कॅन स्विम’चे ‘ही इज सेड टु बी एबल टु स्विम’ होते. भविष्यदर्शक ‘विल’ मात्र गळतो, व ‘प्राइसेस आर एक्स्पेक्टेड टु राइज’ एवढेच उरते. ‘होप’ हे क्रियापद ‘इट इज होप्ड दॅट’ येथवरच चालते. ‘ही इज होप्ड टु’ ही रचना शिष्टसंमत नाही.