साठ अंशांवर थांबलेलं पाणी

पाणी उकळलं की नाही, हे आपल्याला कुणाला विचारावं लागत नाही. बुडबुडे येतात, झाकण थडथडतं. एकदा उकळी आली की खाली जाळ कितीही वाढवा, उघड्या पातेल्यातलं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, वाफ होऊन उडून जातं. म्हणजे शंभरावर पाणी आपलं आपण थांबतं. साठ अंशांवर मात्र तसं काही नाही. साठाला बुडबुडा नाही, आवाज नाही, नुसत्या डोळ्यांना पन्नास आणि साठ सारखेच दिसतात. जाळ असला तर पाणी साठावरून पुढे जातं, नसला तर मागे येतं. त्याला तिथे कुणीतरी धरून ठेवावं लागतं. हे धरून ठेवणं माणसाला कसं जमत गेलं, ते आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत.

सुरुवात होते एका फसलेल्या प्रयोगापासून. काउंट रमफोर्ड नावाचा माणूस जन्मानं अमेरिकन, पण बव्हेरियाच्या राजदरबारी चाकरीला होता. म्युनिकमध्ये गरिबांसाठी त्यानं स्वयंपाकघरं चालवली, चुलींमध्ये सुधारणा केल्या. बटाटे वाळवायला त्यानं गरम हवेची एक पेटी केली होती. त्या पेटीत मांस भाजता येईल का, हे पाहायला त्यानं मेंढ्याच्या खांद्याचा तुकडा आत ठेवला. तीन तास झाले तरी शिजल्याचं लक्षण दिसेना. त्यानं नाद सोडला आणि मांस मोलकरणींच्या स्वाधीन केलं. त्यांनी ते रात्रभर पेटीतच राहू दिलं. सकाळी पाहतात तर मांस नुसतं शिजलेलं नव्हतं, चांगलं मऊ आणि चवदार झालं होतं. रमफोर्डनं ही हकिकत १७९९ च्या सुमारास लिहून ठेवली. त्या मोलकरणींची नावं मात्र कुठे दिसत नाहीत.

रात्रभरात काय झालं होतं? मांसात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे स्नायूचे धागे. ते पन्नाशीच्या पुढे आळायला लागतात, आणि सत्तरीच्या आसपास इतके आवळतात की आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. कोंबडी फार वेळ उकळली की कोरडी, चोथ्यासारखी लागते, ती याच कारणानं. दुसरी गोष्ट म्हणजे धाग्यांना बांधून ठेवणारी चिवट पापुद्र्यांची जाळी. ती साठीच्या घरातसुद्धा विरघळते, पण फार हळू, कित्येक तास घेऊन. आपण चिवट मटण शंभरावर शिजवतो तेव्हा जाळी लवकर विरघळते खरी, पण धागेही पिळले जातात. रमफोर्डच्या पेटीत आच बेताची होती. धागे पिळले गेले नाहीत, आणि जाळीला वेळ मिळाला.

यानंतर पावणेदोनशे वर्षं स्वयंपाकघरात या गोष्टीचं फारसं काही झालं नाही. इतका वेळ ठरावीक आच धरणार कोण? बेताच्या आचेचा दुसरा उपयोग मात्र लोकांनी ओळखला. लुई पाश्चरनं १८६० च्या दशकात दाखवलं की पन्नास-साठ अंशांवर तापवली तरी द्राक्षाची दारू बिघडत नाही. पुढे दुधासाठी त्रेसष्ट अंश आणि अर्धा तास असा हिशेब बसला. जंतू मरायला उकळीच लागते असं नाही. आच कमी असेल तर वेळ जास्त द्यावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १९७४ सालच्या फ्रान्समध्ये जाऊ. रोआन गावात त्रुआग्रो बंधूंचं नावाजलेलं हॉटेल होतं. मुद्दाम पोसलेल्या बदका-हंसाची चरबीदार कलेजी तिथे शिजवत. वस्तू फार महाग, आणि शिजताना तिची चरबी वितळून वाहून जाई. एक किलो कलेजीतली तीनशे ग्रॅमपासून निम्म्यापर्यंत अशीच जायची, म्हणजे पैसाच वाहून जायचा. त्यांनी जॉर्ज प्रालू या आचाऱ्याला यावर उपाय विचारला. प्रालूनं कलेजी प्लास्टिकच्या पापुद्र्यांत घट्ट गुंडाळली आणि बेताच्या गरम पाण्यात शिजवली. घट शेकडा पाचाच्या आसपास आली. किलोमागे साडेनऊशे ग्रॅम हाती राहू लागले. हवा काढून बंद केलेल्या पिशवीत शिजवायचं, म्हणून फ्रेंचमध्ये या पद्धतीला ‘सू वीद’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘निर्वातात’ एवढाच. त्याच काळात ब्रुनो गुसो हा फ्रेंच शास्त्रज्ञ कोणत्या पदार्थाला किती अंश आणि किती वेळ, याचे हिशेब बसवत होता. प्रालू आणि गुसो या दोघांनी पुढे कित्येक आचाऱ्यांना ही पद्धत शिकवली.

नावात हवा काढण्याचा मान असला, तरी आमच्या मते खरं काम पाणीच करतं. पिशवीचं काम इतकंच की रस बाहेर जाऊ नये, आणि मांस व पाण्याच्या मध्ये हवा राहू नये. हवा उष्णता फार सावकाश पोचवते. बेकरीच्या तापलेल्या भट्टीत क्षणभर हात घातला तर सहन होतो, तितक्याच तापलेल्या पाण्यात घालून चालेल का?

पण पातेल्यातलं पाणी सगळीकडे सारखं तापलेलं नसतं. घंगाळात गरम पाणी आणि विसण घातलं की आपण हातानं ढवळतो, नाहीतर वर चटका आणि तळाशी गार. गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं, थंड पाणी खाली बसतं. दुसरी गोष्टही तुम्ही अनुभवली असेल. पाय शेकायला घमेल्यात गरम पाणी घेऊन बसलो, की पाय स्थिर ठेवले तर सोसतं, आणि जरा हलवले की चटका बसतो. पायाभोवतीचं पाणी पायाला उष्णता देऊन थोडं निवलेलं असतं. हललो की ते बाजूला होतं आणि ताजं गरम पाणी अंगाला लागतं. मांसाच्या थंड पिशवीभोवतीही असाच निवलेला थर साचतो.

यावरचा उपाय स्वयंपाकघरात नाही, प्रयोगशाळेत तयार होता. रक्त किंवा रसायनं तपासताना नळ्या ठरावीक अंशावर ठेवाव्या लागतात, म्हणून तिथे फिरत्या पाण्याचं भांडं असतं. भांड्याच्या कडेला एक दांडा अडकवतात. त्यात तापणारी कॉइल, तापमान मोजणारा काटा आणि पाणी सतत फिरवणारा छोटा पंखा किंवा पंप असतो. इस्त्रीसारखा साधा खटका लावला तर पाणी ठरल्याहून वर चढतं, मग बंद होतं, मग बरंच खाली येतं. या दांड्यातली यंत्रणा जास्त शहाणी आहे. ठरलेला अंश जवळ आला की ती वीज आधीच कमी करत आणते. दूध वर यायच्या आधीच आपण गॅस बारीक करतो, तसंच. या शहाणपणाचं गणित १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यानं जहाजाच्या सुकाणूसाठी मांडलं होतं. सुकाणूवाला जहाज किती वळलंय एवढंच पाहत नाही, ते किती वेळ वळलेलं आहे आणि किती वेगानं वळतंय हेही पाहतो, असं त्याच्या लक्षात आलं. त्या गणितामुळे पाणी अर्ध्या अंशाच्याही आत धरता येतं.

आता एक उदाहरण घेऊ. भांड्यात वीस लिटर पाणी आहे, पंचवीस अंशांचं. ते साठावर न्यायला हजार वॉटच्या दांड्याला सुमारे पन्नास मिनिटं लागतील, वीज पाऊण युनिटाहून थोडी जास्त. आत कोंबडीच्या छातीचा तुकडा सोडला, अडीच सेंटीमीटर जाड, फ्रीजमधून काढलेला. तव्यावर असता तर मधला भाग शिजेपर्यंत वरचा कोरडा झाला असता. इथे पाणीच साठावर आहे, म्हणून तुकड्याचा कुठलाही भाग साठाच्या वर जाऊच शकत नाही. मधोमध उष्णता पोचायला तासाभराच्या आसपास लागतो. पण तिथे थांबायचं नाही. मघाशी दुधाचं सांगितलं ते आता आठवा. साठावर कोंबडीतले साल्मोनेला जंतू मरायला, मध्यभाग साठाला पोचल्यावर आणखी सुमारे अर्धा तास द्यावा लागतो. म्हणजे एकूण दीड तास. तुकडा दुप्पट जाड असेल तर आत उष्णता पोचायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो. इथेच बरेच जण चुकतात.

दुसरी चूक पिशवीत हवा राहण्याची. हवा राहिली की पिशवी तरंगते आणि वर आलेला भाग कच्चा राहतो. तरंगताना दिसली की तिच्यावर वजन ठेवायचं, नाहीतर हवा काढून पुन्हा बंद करायची. पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तर मधून पाणी फिरत नाही, आणि पंखा असून नसल्यासारखा होतो.

सगळ्यात मोठा धोका दिसत नाही. बोट्युलिझमचा जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतो, आणि त्याचं बीज उकळीलाही दाद देत नाही. बंद पिशवी त्याला सोयीचीच. वास येईलच असं नाही. म्हणून पदार्थ शिजल्यावर लगेच खायचा, नाहीतर बर्फाच्या पाण्यात झटकन गार करून तीन अंशांच्या आसपास ठेवायचा. ओट्यावर राहू द्यायचा नाही. चोपन्न अंशांखाली तर तासन्‌तास शिजवायचंच नाही, कारण तिथे काही जंतू मरायच्या ऐवजी वाढतात. याच भीतीनं २००६ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यानं हॉटेलांना ही पद्धत थांबवायला लावली. प्रत्येक टप्प्याचा अंश आणि वेळ लिहून ठेवण्याची योजना मंजूर करून घ्या, मगच चालू करा, असं सांगितलं. आचारी चिडले. आम्हाला विचाराल तर खात्याचं बरोबर होतं.

तोवर ही यंत्रं हजार डॉलरच्या आसपास होती. काही आचारी प्रयोगशाळांतली जुनी, वापरलेली यंत्रं घेत. आधी त्यांत काय तापवलं होतं, हे कोण सांगणार! २०१२ मध्ये लिसा फेटरमन या तरुणीनं तिच्या शास्त्रज्ञ नवऱ्यासोबत घरगुती दांडा बाजारात आणायला लोकांकडून आगाऊ पैसे जमवले. हॉटेलात तिनं ते यंत्र पाहिलं होतं आणि तिला ते घरी हवं होतं. पुढच्या काही वर्षांत इतर कंपन्यांचेही दांडे आले आणि किंमत बरीच उतरली.

आपल्याकडे कुणी असा दांडा लावलाच तर वीज जाण्याचा प्रश्न आहे. भांडं मोठं आणि झाकलेलं असेल तर पाणी हळू निवतं, थोडा वेळ निभावतं. पण वीज परत आल्यावर दांडा पाणी पुन्हा साठावर नेतो, आणि मधे ते किती उतरलं होतं हे पाण्याकडे बघून कळत नाही. वीज गेली की लगेच तापमान आणि घड्याळ पाहून ठेवायचं. पाणी चोपन्नाखाली नेमकं किती वेळ होतं ते सांगता येत नसेल, तर पिशवी उघडायची नाही, टाकून द्यायची.