स्टॅक, हीप आणि पेजिंग

चालू प्रोग्रामला मिळणाऱ्या स्मृतीचे दोन भाग आणि ते प्रत्यक्ष रॅमशी जोडणारी व्यवस्था. संगणकाच्या विद्यार्थ्याला किंवा ‘गेट’च्या परीक्षार्थीला हा विषय ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रश्नांत भेटतो. स्टॅक आणि हीपमधला फरक बहुतेकांना पाठ असतो. गुण जातात ते त्यांचा पेजिंगशी संबंध न कळल्यामुळे.

फंक्शनमधले स्थानिक चल आणि परतीचा पत्ता स्टॅकवर असतात आणि फंक्शन संपताच ती जागा मोकळी होते. हीपवरची जागा प्रोग्राम स्वतः मागतो व स्वतःच परत करतो. दोन्हींचे पत्ते आभासी असतात. पत्ता `0x00003A7C` आणि पेज ४ किलोबाइटचे असेल, तर शेवटचे १२ बिट, म्हणजे `A7C`, हा ऑफसेट आणि उरलेला ३ हा पेज क्रमांक. पेज टेबलात ३ समोर फ्रेम ९ असेल तर खरा पत्ता `0x00009A7C`. ऑफसेट कधीही बदलत नाही. फ्रेम क्रमांक पेज क्रमांकात मिळवणे ही उत्तरपत्रिकांतली नेहमीची चूक.

आता हा प्रोग्राम पाहा:

```c
int main(void) {
    int a[3000000];
    a[0] = 1;
}
```

`int` ४ बाइटचा धरला तर ही ॲरे १ कोटी २० लाख बाइटची होते. लिनक्सवर स्टॅकची मर्यादा सहसा ८ मेगाबाइट असते, म्हणून ऑप्टिमायझेशन न करता बनवलेला हा प्रोग्राम `Segmentation fault` देऊन थांबतो. रॅम कितीही मोकळी असली तरी फरक पडत नाही. तेवढीच जागा `malloc` ने मागितली तर ती सहज मिळते. मात्र मिळतात ते फक्त पत्ते. पहिल्या घटकात लिहिताच पेज फॉल्ट होतो, कर्नल एक फ्रेम जोडून देतो आणि तीच सूचना पुन्हा चालते. सगळी ॲरे भरली तर असे सुमारे २,९३० फॉल्ट होतात, कारण तितकी पेजेस लागतात.

म्हणजे पेज फॉल्ट ही चूक नव्हे. दोन्ही प्रसंगी प्रोसेसर कर्नलकडे सारखीच तक्रार नेतो. पत्ता प्रोग्रामच्या मंजूर हद्दीत असेल तर कर्नल फ्रेम देतो, हद्दीबाहेर असेल तर प्रोग्राम बंद करतो. खरी अडचण येते ती मोकळ्या फ्रेम संपल्यावर. मग कुठले तरी पेज डिस्कवर टाकावे लागते आणि डिस्क रॅमच्या मानाने हजारो पटींनी मंद असते.

आपल्या यंत्रावरची स्टॅकची मर्यादा `ulimit -s` या आज्ञेने दिसते. `8192` हे उत्तर आले तर तो आकडा किलोबाइटमध्ये आहे.