वर्षाचे चार ठिपके : अड्याळच्या शिवारातली विहीर वाचताना

निरीक्षण विहिरींचा जुना डेटा पहिल्यांदा हाती येतो तेव्हा थोडी निराशाच होते. वर्षाला फक्त चार आकडे : जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. ते ठिपके जोडून आपण ज्याला हायड्रोग्राफ म्हणतो, त्यातला बराचसा भाग खरं तर आपणच ओढलेली रेघ असते. हे चारच महिने का, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

१९७२च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. पुढे प्रश्न आला की कुठल्या भागात किती नव्या विहिरी परवडतील. त्यासाठी शेतकऱ्यांच्याच विहिरी निवडून त्यांची पातळी ठरावीक महिन्यांत मोजली जाऊ लागली. मेचा आकडा म्हणजे पावसाआधीचा तळ, ऑक्टोबरचा म्हणजे पावसानंतरची भर. १९८४ साली केंद्राच्या भूजल अंदाज समितीने या फरकालाच हिशेबाचा पाया केलं. १९९७ आणि २०१५च्या सुधारित पद्धतींतही तो टिकला. मूळ कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. अमेरिकेत माइन्झर आणि स्टर्न्स यांनी १९२०च्या दशकात कनेक्टिकटमधल्या पॉम्पराॅग खोऱ्यात विहिरींच्या चढ-उतारावरून पुनर्भरण काढलं होतं.

सूत्र सोपं आहे. पातळी जेवढी चढली त्याला स्पेसिफिक यील्डने गुणायचं. स्पेसिफिक यील्ड म्हणजे खडक निथळू दिला तर त्याच्या एकूण आकारमानाच्या किती हिस्सा पाणी तो सोडतो ते प्रमाण. भंडारा जिल्ह्यात बराच भाग ग्नाइस, शिस्ट अशा जुन्या कठीण खडकांचा आहे, आणि झिजलेल्या, कमी चिकणमातीच्या अशा खडकाला समितीने ०.०३ हे प्रमाण सुचवलंय. चिकणमाती जास्त असेल तर ०.०१५. म्हणजे मातीबद्दलचा एक निर्णय बदलला की उत्तर थेट निम्मं! चढ सेंटिमीटरपर्यंत मोजून उपयोग काय, असा प्रश्न इथे पडायला हवा.

आता अड्याळच्या शिवारातली एक विहीर डोळ्यापुढे आणा. आकडे समजण्यापुरते घेतलेत. मेमध्ये पाणी जमिनीखाली ६ मीटर, ऑक्टोबरमध्ये २ मीटर. चढ ४ मीटर, गुणिले ०.०३, म्हणजे १२० मिलिमीटर पुनर्भरण. पण हा धानाचा मुलूख. बांध्यांत पाणी उभं, वरच्या अंगाला मालगुजारी तलाव नाहीतर एखादी बोडी. अशा ठिकाणी विहीर ऑगस्टमध्येच जवळजवळ काठाला येते, समजा १ मीटरवर. नंतर पडणाऱ्या पावसाला आत जागाच नसते. तो नाल्याने वाहून जातो. ऑक्टोबरचा ठिपका पडतो तोवर पातळी उतरायला लागलेली असते. शिवाय पाऊस आलाच नसता तर पातळी ६ मीटरवर थांबली नसती. उन्हाळ्याची उतरती रेघ तशीच पुढे ओढली तर ऑगस्टपर्यंत ती ६.४वर गेली असती. खरा चढ म्हणून ५.४ मीटर धरायचा. पुनर्भरण १६२ मिलिमीटर. विहीर तीच, पाऊस तोच.

आणि यातलं सगळंच पाणी पावसाचं नाही. तलावाचा आणि बांध्यांचा पाझरही त्यात आहे. पावसाचा वाटा हवा असेल तर तो वजा करावा लागतो, आणि खरिपात उपसलेलं पाणी उलट मिळवावं लागतं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. समजा गावात उन्हाळी धान वाढलं, मोटारी वाढल्या. मेची पातळी ६वरून ८ मीटरवर गेली आणि पावसाने विहीर परत २वर आणली. आता मे-ऑक्टोबर हिशेब सांगतो १८० मिलिमीटर. पाऊस वाढला नाही, जमीन बदलली नाही, तरी कागदावर पुनर्भरण दीडपट! म्हणजे विहीर आधी रिकामी झालेली जागा मोजत होती. उलट बाजूने, कमी उपसा असलेल्या भरल्या शिवाराचा फरक लहान येतो आणि घाईत वाचणारा त्याला 'कमी पुनर्भरणाचं गाव' म्हणून मोकळा होतो. म्हणून नुसता फरक बघू नका, मे आणि ऑक्टोबर या दोन्ही रेघा वीस-पंचवीस वर्षांच्या वेगवेगळ्या काढा. मेची खाली जातेय आणि ऑक्टोबरची जागेवर आहे, तर उपसा वाढलाय पण पावसाळा अजून खड्डा भरतोय. ऑक्टोबरचीही खाली सरकायला लागली, आणि पाऊस नेहमीसारखाच आहे, तर तूट साठतेय.

डेटाचे घोळ पण असतात. मोजणीच्या सकाळी मोटार चालू असेल तर ठिपका एकटाच खोल पडतो; शेजारच्या विहिरी बघितल्या की पकडता येतो. विहिरीचा कठडा उंच बांधला आणि मोजायचा बिंदू दुरुस्त केला नाही, तर त्या तारखेपासून सगळे आकडे तेवढ्याच मापाने सरकतात. एका ठिपक्याची उडी आणि कायमची पायरी यांतला फरक ओळखायला शिका. १९९५ला सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात खास खोदलेल्या निरीक्षण विंधनविहिरींत स्वयंचलित नोंदयंत्रं बसली, तिथे ऑगस्टचा माथा दिसू शकतो. पण खोल विंधनविहीर भेगांमधल्या दाबाखालच्या पाण्याला प्रतिसाद देते. तिथे पातळी झपकन चढते, म्हणून तिच्या चढाला ०.०३ने गुणून चालत नाही. जुन्या विहिरींचे चार ठिपके त्यामुळे फेकून देता येत नाहीत.