संवलनाद्वारे कडा-शोधन

संवलन (कन्व्होल्यूशन) ही अंकीय प्रतिमा प्रक्रियेतील एक मूलभूत क्रिया आहे. तीत अंकांची एक लहान चौकट मूळ चित्रावरून एकेक पिक्सेल सरकवली जाते आणि प्रत्येक ठिकाणी त्या चौकटीखालील पिक्सेलांच्या मूल्यांची भारित बेरीज काढून नवे चित्र तयार केले जाते. या लहान चौकटीला कर्नेल असे म्हणतात. कर्नेलमधील अंक बदलले की त्याच क्रियेने चित्र धूसर होते, ठळक होते किंवा त्यातील कडा उठून दिसतात. या लेखात कडा शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सोबेल कर्नेलची कार्यपद्धती एका लहान जाळीच्या आधारे दिली आहे.

## सोबेल कर्नेल

हा कर्नेल आयर्विन सोबेल व गॅरी फेल्डमन यांनी १९६८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत मांडला. उभ्या कडा शोधणारे त्याचे रूप पुढीलप्रमाणे आहे.

```
−१   ०   १
−२   ०   २
−१   ०   १
```

डाव्या स्तंभातील अंक ऋण, उजव्या स्तंभातील धन आणि मधले शून्य आहेत. त्यामुळे हा कर्नेल प्रत्यक्षात उजवीकडच्या उजेडातून डावीकडचा उजेड वजा करतो. सर्व अंकांची बेरीज शून्य असल्याने सपाट, एकाच छटेच्या भागात उत्तर शून्य येते. उजेडात फरक असेल तेथेच शून्येतर मूल्य मिळते. मधल्या ओळीला दुप्पट भार दिलेला असल्याने वरच्या व खालच्या ओळींसह एक प्रकारची सरासरी होते आणि एखाद्याच पिक्सेलमधील चुकीचा प्रभाव काही अंशी कमी होतो.

## उदाहरण

करड्या छटांच्या चित्रात ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा असे सामान्यतः मानतात. पुढील जाळीत पाच ओळी व सहा स्तंभ आहेत. डावा अर्धा भाग गडद (१०) असून उजवा अर्धा त्याहून उजळ (९०) आहे.

```
१०  १०  १०  ९०  ९०  ९०
१०  १०  १०  ९०  ९०  ९०
१०  १०  १०  ९०  ९०  ९०
१०  १०  १०  ९०  ९०  ९०
१०  १०  १०  ९०  ९०  ९०
```

कर्नेल प्रथम वरच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला असता त्याखालील नऊही पिक्सेल १० आहेत. ऋण व धन भाग एकमेकांना छेदतात आणि उत्तर ० येते. कर्नेल एक घर उजवीकडे सरकवल्यावर त्याखाली दुसरा, तिसरा व चौथा स्तंभ येतो. आता प्रत्येक ओळीचा गुणाकार असा होतो:

```
पहिली ओळ :  (−१×१०) + (०×१०) + (१×९०) =  ८०
दुसरी ओळ :  (−२×१०) + (०×१०) + (२×९०) = १६०
तिसरी ओळ :  (−१×१०) + (०×१०) + (१×९०) =  ८०
एकूण = ३२०
```

ही बेरीज फलित चित्रात कर्नेलच्या मध्यबिंदूच्या जागी लिहिली जाते. आणखी एक घर सरकल्यावरही डाव्या स्तंभाखाली १० व उजव्या स्तंभाखाली ९० असल्याने पुन्हा ३२० मिळतात. शेवटच्या स्थानी नऊही पिक्सेल ९० असल्याने उत्तर पुन्हा ० येते. पूर्ण जाळीवर ही क्रिया केल्यावर मिळणारे चित्र असे असते:

```
०  ३२०  ३२०  ०
०  ३२०  ३२०  ०
०  ३२०  ३२०  ०
```

मूळ चित्रातील दोन्ही सपाट भाग काळे झाले असून त्यांच्यामधील सीमा तेवढी उजळ राहिली आहे. ही सीमा दोन पिक्सेल रुंद दिसते, कारण मूळ कडा कोणत्याही एका पिक्सेलवर नसून तिसऱ्या व चौथ्या स्तंभांच्या मध्ये आहे आणि ती दोन्ही बाजूंच्या पिक्सेलांना जाणवते.

गणितातील काटेकोर व्याख्येनुसार संवलनापूर्वी कर्नेल १८० अंशांनी फिरवावा लागतो. तसे केल्यास वरील उदाहरणात ३२० ऐवजी −३२० मिळतील. न फिरवता केलेल्या क्रियेला सहसंबंध म्हणतात, परंतु व्यवहारात तिलाही अनेकदा संवलन असेच संबोधले जाते. कडेचे स्थान व तीव्रता यांवर या भेदाचा परिणाम होत नाही, केवळ चिन्ह उलटते.

## चिन्ह व मूल्यमर्यादा

गडद पार्श्वभूमीवर उजळ पट्टी असेल, तर तिच्या डाव्या कडेवर धन आणि उजव्या कडेवर ऋण मूल्य येते.

```
मूळ ओळ :  १०  १०  १०  ९०  ९०  ९०  १०  १०  १०
फलित   :       ०  ३२०  ३२०   ०  −३२०  −३२०   ०
```

प्रत्येक पिक्सेलसाठी ८ बिट वापरणाऱ्या चित्रात ० ते २५५ एवढीच मूल्ये साठवता येतात. फलित थेट अशा चित्रात साठवल्यास ऋण मूल्यांचे शून्य होते आणि पट्टीची उजवी कडा नाहीशी होते. मर्यादा न लावणाऱ्या आज्ञावलीत तर ३२० मधून २५६ वजा होऊन ६४ उरतात, म्हणजे तीव्र कडा फिकी दिसते. एखाद्या वस्तूची एकच बाजू रेखाटली गेली असल्यास हा दोष प्रथम तपासावा. त्यावरील उपाय म्हणजे फलित चिन्हासहित मोठ्या प्रकारात ठेवून नंतर त्याचे निरपेक्ष मूल्य घेणे. ओपनसीव्ही या संगणकीय संग्रहात ते असे लिहितात:

```python
gx = cv2.Sobel(img, cv2.CV_64F, 1, 0, ksize=3)
edges = abs(gx)
```

वरील कर्नेलला पूर्णपणे आडवी कडा दिसत नाही, कारण तेथे डावीकडचा व उजवीकडचा उजेड सारखाच असतो. म्हणून ९० अंशांनी फिरवलेला दुसरा कर्नेलही चालवतात आणि दोन्ही उत्तरांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ही कडेची तीव्रता मानतात.

## चित्राची किनार

पाच ओळी व सहा स्तंभांच्या चित्रातून तीन ओळी व चार स्तंभांचेच फलित मिळाले, कारण किनारीवरील पिक्सेलांभोवती कर्नेलला पुरेसे शेजारी नसतात. आकार कायम राखण्यासाठी चित्राभोवती शून्यांची चौकट जोडली, तर उजव्या किनारीच्या मधल्या ओळींत ९० च्या शेजारी ० येऊन −३६० हे उत्तर मिळते. अशा रीतीने अस्तित्वात नसलेली कडा खऱ्या कडेपेक्षाही तीव्र ठरते. त्याऐवजी किनारीचीच मूल्ये बाहेर पुन्हा लिहिल्यास किंवा चित्र आरशाप्रमाणे उलटून जोडल्यास ही खोटी चौकट टळते.

## मर्यादा

संवलन केवळ उजेडातील फरक मोजते. तो फरक वस्तूच्या सीमेमुळे आहे, सावलीमुळे आहे की कॅमेऱ्यातील गोंगाटामुळे, हे त्याला कळत नाही. सर्वत्र १० असलेल्या भागात एकच पिक्सेल चुकून ५० झाला, तर त्याच्या डाव्या व उजव्या शेजाऱ्यांवर ८० इतक्या तीव्रतेचे उत्तर येते. याउलट १० व २० या छटांमधील खऱ्या पण फिक्या कडेचे उत्तर केवळ ४० असते. त्यामुळे कोणतीही एक किमान मर्यादा ठरवून गोंगाट वगळताना फिकी कडाही वगळली जाते. म्हणून बहुधा आधी चित्र किंचित धूसर करून मग कडा शोधतात. धूसरतेमुळे एकट्या पिक्सेलचा प्रभाव आसपास वाटला जातो व घटतो, मात्र कडा अधिक रुंद व काहीशी फिकी होते. जॉन कॅनी यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत धूसर केल्यानंतर मिळालेल्या रुंद कडा एका पिक्सेलपर्यंत बारीक केल्या जातात आणि दोन मर्यादा वापरून तीव्र कडेला जोडलेल्या फिक्या कडाही राखल्या जातात.